भाचीची मतं, मामाची कात्री

वर्तमानपत्राच्या कचेरीत मी उभं आयुष्य दुसऱ्यांची मतं कापण्यात घालवलं. अग्रलेख लिहिणारा मोठा माणूस असायचा, पण पानावर सोन्याचांदीच्या दुकानाची जाहिरात आली की त्या मोठ्या माणसाचं मत दोन परिच्छेदांनी लहान व्हायचं आणि ते लहान करण्याचं पुण्यकर्म माझ्याकडे असे. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. आता कुणाचं मत आपल्याला काय करायचंय! पण मला एक भाची आहे, आणि तिला सध्या मतं फार येतात.

ही भाची प्रॉडक्ट डिझायनर आहे. म्हणजे मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये कुठल्या पडद्यावर काय दिसावं, काय विचारावं, कशानंतर काय यावं आणि मुख्य म्हणजे काय विचारूच नये, हे ठरवणारी. माझी बहीण शेजारीपाजारी ‘ती कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगते आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही. भाचीने दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि स्वतःचं काम सुरू केलं. तिची गिऱ्हाइकं म्हणजे स्टार्टअपचे फाउंडर. त्यातले बरेच बंगळुरूला, काही गुरुग्रामला, थोडे आपल्या बाणेर-बालेवाडीत. डॉक्टर पाटी लावतो, वकील कोर्टाच्या आवारात काळा कोट घालून हिंडतो. हिने काय करायचं? तर ही एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, मतं लिहिते. छोटी छोटी, एकाखाली एक जोडलेली. त्याला थ्रेड म्हणतात. चार-पाच तुकड्यांत एक मत संपतं आणि ते वाचून एखाद्या फाउंडरला वाटावं की ही बाई आपल्या कामाची आहे, अशी योजना.

तुकडा २८० अक्षरांचा. पूर्वी १४० चा असायचा. ट्विटर २००६ साली निघालं तेव्हा ते मोबाइलच्या एसएमएसवर चालायचं. एसएमएस १६० अक्षरांचा, त्यातली २० नावासाठी राखली, उरली १४०. पुढे २०१७ च्या नोव्हेंबरात ती दुप्पट केली. आता पैसे भरले तर पानंच्या पानं लिहिता येतात, पण भाची भरत नाही. ती म्हणते, ‘‘मामा, लांब लिहिलं की पुढचं सगळं घडीत जातं. माणसाने बोट लावलं तरच उघडतं. फाउंडर बोट लावत नाही. त्याचं बोट पुढे सरकायला टपलेलं असतं.’’ मला हे ऐकून गहिवरून आलं. चाळीस वर्षं मी वार्ताहरांना हेच सांगत होतो आणि ते माझ्याकडे खाटकाकडे बघावं तसे बघायचे.

म्हणून थ्रेड टाकण्याआधी ती मला पाठवते. लिहिते इंग्रजीत, कारण बंगळुरूचा फाउंडर आणि गुरुग्रामचा फाउंडर यांच्यात तेवढंच समाईक आहे. आमची भांडणं मात्र मराठीत होतात. या लेखात तिची वाक्यं मी मराठीतच सांगणार आहे.

मागे तिने एक खर्डा पाठवला. दुकानदारांसाठी जी बिलांची आणि उधारीची अ‍ॅप निघाली आहेत, त्यांच्याबद्दल होता. सुरुवातीला दोऱ्याच्या रिळाचं चित्र, शेजारी ‘१/९’, आणि वाक्य असं की नव्या ग्राहकाचं स्वागत करण्यात बहुतेक अ‍ॅप नापास होतात, त्यासाठी हे नऊ नियम. नियम पहिला: सोपं ठेवा. नियम दुसरा: ग्राहकाचा विचार करा. पुढचे सात मी वाचले नाहीत. तिला फोन करून विचारलं, ‘‘अगं, ‘अवघड ठेवा आणि ग्राहकाचा विचार करू नका’ असं म्हणणारा एखादा माणूस तुला माहीत आहे का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग हे मत नव्हे. सुविचार आहे. शाळेच्या फळ्यावर लिही.’’

ती चिडली. पण माझी कसोटी एवढीच असते. वाक्य उलटं करून बघायचं. उलटं वाक्य एखादा शहाणा माणूस गंभीरपणे बोलू शकत असेल, तर सुलट वाक्याला मत म्हणायचं. आमच्या अग्रलेखांपैकी निम्मे या कसोटीला उतरले नसते, ही गोष्ट वेगळी.

‘‘तुला हे सगळं सुचलं कशावरून?’’ मी विचारलं. तेव्हा तिने जे सांगितलं ते खर्ड्यात कुठेच नव्हतं.

आमच्या कोपऱ्यावर एक किराणा दुकान आहे. भाची माझ्याकडे आली की तिथून काहीतरी आणायच्या निमित्ताने जाते आणि तासभर परत येत नाही, कारण तिला दुकानदार मोबाइल कसा वापरतात ते बघायचं असतं. त्या दिवशी तिने दुकानदार काकांना असं एक अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगितलं आणि स्वतः गुळाच्या ढेपांशेजारी गप्प उभी राहिली. पहिल्या पडद्यावर मोबाइल नंबर. दिला. ओटीपी आला, टाकला. दुसऱ्या पडद्यावर दुकानाचं नाव. काकांनी वडिलांच्या नावासकट हौसेने टाकलं. तिसऱ्या पडद्यावर जीएसटी क्रमांक.

जीएसटी क्रमांक कुणाला पाठ असतो? तो १५ अक्षरांचा असतो. नोंदणीचं प्रमाणपत्र दुकानात सगळ्यांना दिसेल असं लावावं असा नियम आहे, म्हणून काकांनी ते फ्रेम करून लावलंय. दिसेल असं म्हणजे पार वर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, आणि तिच्या हाराची एक बाजू नेमकी प्रमाणपत्रावर आलेली. काका स्टुलावर चढले. हार बाजूला केला. चष्मा खाली गल्ल्यावर राहिला होता. उतरले, चष्मा घातला, पुन्हा चढले. मग लक्षात आलं की फोन खालीच आहे.

फोन हातात आल्यावर खरी मजा सुरू झाली. या क्रमांकाची घडण बघण्यासारखी आहे. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, त्यात आधी पाच अक्षरं, मग चार अंक, मग पुन्हा एक अक्षर. नंतर एक अंक, मग बहुतेक वेळा Z, आणि शेवटी एक तपासणीचं चिन्ह. नमुना असा:

```
27ABCDE1234F1Z5
```

साध्या मोबाइलच्या कीबोर्डवर, जिथे अंकांची वेगळी ओळ नसते, हा क्रमांक लिहिताना अक्षरांवरून अंकांवर आणि अंकांवरून अक्षरांवर सहा वेळा उड्या माराव्या लागतात. एका हातात फोन, दुसरा हात फळीला, नजर हाराच्या पलीकडे. चौथ्या उडीला काका पोचले असतील नसतील, तोच एक बाई आल्या आणि म्हणाल्या, ‘‘अर्धा किलो शेंगदाणे द्या.’’

काका उतरले. शेंगदाणे दिले. पैसे घेतले, सुटे दिले. फोन गल्ल्याशेजारी पालथा पडला. भाची आणखी वीस मिनिटं उभी राहिली, पण तो फोन काही सुलटा झाला नाही.

मी म्हटलं, ‘‘बये, हे सोडून तू मला नऊ नियम पाठवलेस?’’

ती म्हणाली, ‘‘हे म्हणजे गप्पा झाल्या मामा. फाउंडर लोक गंभीर असतात.’’

फाउंडर गंभीर असतात खरे, पण डिझाइनविषयी नसतात. ही गोष्ट मला बाहेरून दिसली, कारण मी डिझायनर नाही. फाउंडर सकाळी उठतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो. काल इतके लोक आले, त्यातले इतके गेले. कुठून गेले? रंगसंगती, अक्षरांची वळणं, दोन चौकटींतलं अंतर या गोष्टींवर भाचीचे डिझायनर मित्र रात्र जागवतात. फाउंडरला फक्त हे हवं असतं की आपलं भांडं कुठे गळतंय ते कुणीतरी बोट ठेवून दाखवावं. त्यामुळे नऊ नियम वाचून तो बोट पुढे सरकवतो आणि स्टुलावरचे काका दिसले की थांबतो. त्याच्याही अ‍ॅपमध्ये कुठेतरी एक स्टूल असतं, आणि तो ते कितीतरी दिवस शोधत असतो.

मग आम्ही दोघांनी तो थ्रेड पुन्हा मांडला. नवाचे पाच तुकडे झाले. रीळ गेलं, १/९ गेलं. पहिला तुकडा असा: ‘दुकानदाराला त्याचा जीएसटी क्रमांक पाठ नसतो. तो भिंतीवर फ्रेममध्ये असतो. तुमचं अ‍ॅप तो तिसऱ्याच पडद्यावर मागतं.’ दुसऱ्यात स्टूल, हार, चष्मा आणि शेंगदाणे. तिसऱ्यात मत: ‘पहिलं कर लावलेलं बिल करायची वेळ येईपर्यंत हा क्रमांक मागू नका. तेव्हा दुकानदाराला तो स्वतःलाच हवा असतो, म्हणून तो स्टुलावर चढतो.’ त्याच तुकड्याच्या शेवटी एक साधी तपासणी: तिसऱ्या पडद्यावर किती जण पोचले आणि चौथ्यावर किती, एवढंच आज दुपारी बघा. आणि जाता जाता एक आठवण: सर्वसाधारणपणे वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या, फक्त माल विकणाऱ्या दुकानदाराला महाराष्ट्रात नोंदणीची सक्तीच नाही. म्हणजे ज्याच्याकडे फ्रेमच नाही, त्याच्यासाठी तुमचा तिसरा पडदा ही भिंत आहे.

चौथ्या तुकड्यावर आमचं कडाक्याचं वाजलं. तिने लिहिलं होतं की हा क्रमांक इतक्या लवकर मागणं हा शुद्ध आळशीपणा आहे. मी विचारलं, ते लोक खरंच आळशी असतात का? ती जरा थांबली. म्हणाली, ‘‘नाही रे. त्यांना गुंतवणूकदाराला दाखवायला आकडा लागतो. इतके पडताळलेले व्यापारी आमच्याकडे आहेत, असा. जीएसटी असला की व्यापारी खरा, असं धरतात.’’

‘‘मग हेच लिही की.’’

‘‘त्याने माझं मत लेचंपेचं नाही होणार?’’

मत लेचंपेचं होईल ही भीती मी पुष्कळ तरुण अग्रलेखवाल्यांत पाहिली आहे. त्यांना वाटतं, समोरच्याची अडचण मान्य केली की आपण हरलो. तिने शेवटी लिहिलं: ‘यात तुमचं नुकसान आहे. पडताळलेल्या व्यापाऱ्यांचा आकडा पहिल्या महिन्यात खाली दिसेल आणि तो कुणाला तरी समजावून सांगावा लागेल. मला वाटतं, ती बैठक सोसण्यासारखी आहे.’ पाचव्या तुकड्यात मर्यादा सांगितली. कर्ज देणारं किंवा पैशांची देवघेव सांभाळणारं अ‍ॅप असेल, तर ओळखीची कागदपत्रं आधी घ्यावीच लागतात. तिथे हे मत चालत नाही. तिथे फक्त सुरुवातीलाच सांगा की कुठले कागद लागतील, म्हणजे माणूस ते काढून मगच बसेल.

पाचवा तुकडा मी कापला असता. भाचीने हट्टाने ठेवला आणि तिचं बरोबर होतं. कर्जाचं अ‍ॅप चालवणारा फाउंडर तिसऱ्या तुकड्यापर्यंत आला की मनात म्हणतो, ‘बोलायला काय जातं, आमच्यावर नियमांची टांगती तलवार आहे!’ आणि दोन तुकडे पुढे त्याला दिसतं की हिला ती तलवार माहीत आहे.

एक गोष्ट मात्र तिला घालायची होती आणि मी घालू दिली नाही. जॅरेड स्पूल नावाच्या अमेरिकी तज्ज्ञाने सांगितलेली, एका मोठ्या दुकानाच्या संकेतस्थळाची. खरेदी करणाऱ्याला आधी ‘नोंदणी करा’ असं बटण दिसायचं. त्याजागी ‘पुढे चला’ केलं आणि खाली लिहिलं की खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही. खरेदी ४५ टक्क्यांनी वाढली आणि वर्षात ३० कोटी डॉलरची जास्तीची विक्री झाली. गोष्ट उत्तम आहे. पण डिझायनर मंडळी ती पंधराहून अधिक वर्षं सांगत आली आहेत आणि प्रत्येक फाउंडरने ती इतक्या वेळा वाचली आहे की आता तो ती वाचून फक्त एवढंच ठरवतो की लिहिणाऱ्याकडे स्वतःचं काही नाही. काकांच्या शेंगदाण्यांची किंमत तीस कोटी डॉलर नव्हे, पण ते दुसऱ्या कुणाकडे नाहीत.

नावांचा प्रश्न आला. तिने तीन अ‍ॅप बघितली होती, तिन्हींत तेच. कुठली, ते लिहायचं का? डिझायनर लोकांत नाव घेऊन झोडपायची पद्धत आहे. प्रसिद्ध अ‍ॅपचे पडदे घ्यायचे, त्यावर लाल वर्तुळं काढायची आणि शेजारी आपण केलेली देखणी आवृत्ती ठेवायची. त्याला टाळ्याही मिळतात. भाचीने मला या संदर्भात २००९ ची एक हकीकत सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. डस्टिन कर्टिस नावाच्या तरुण डिझायनरने अमेरिकन एअरलाइन्सला जाहीर पत्र लिहिलं की तुमचं संकेतस्थळ भयंकर आहे, आणि सोबत स्वतः दोन-चार तासांत केलेलं नवं मुखपृष्ठ जोडलं. त्याला कंपनीतल्याच एका डिझायनरने उत्तर पाठवलं. शांतपणे, सविस्तर. मुखपृष्ठ बदलणं सोपं आहे, पण या एका संकेतस्थळावर इतक्या खात्यांचे हात आहेत, प्रत्येकाची गरज वेगळी, म्हणून वेळ लागतो, असं काहीसं. कर्टिसने ते उत्तर नाव न देता प्रसिद्ध केलं. कंपनीने तरीही माणूस शोधून काढला आणि त्याला नोकरीवरून काढलं.

त्या हकीकतीत सगळ्यात समंजस माणसाची नोकरी गेली. भाची म्हणते, पडदा सगळ्यांना दिसतो, पण त्यामागची बैठक कुणालाच दिसत नाही. म्हणून ती नाव घेत नाही. मला यात आणखी एक व्यवहार दिसतो. फाउंडर तिचा थ्रेड वाचतो तेव्हा तो नुसतं मत वाचत नसतो. उद्या ही बाई आपल्या कचेरीत, आपल्या माणसांदेखत, आपण चुकलोय हे कुठल्या सुरात सांगेल, त्याचा अंदाज तो घेत असतो. परक्यांची नावं घेऊन टिंगल करणारीला टाळ्या देणारे पुष्कळ भेटतील, पण स्वतःच्या अ‍ॅपची किल्ली तिच्या हातात कोण देईल?

थ्रेड मंगळवारी सकाळी गेला. वेळ तिने ठरवली होती. तिचं म्हणणं, सोमवारी फाउंडर बैठकांत असतो, शुक्रवारी वैतागलेला असतो, आणि मंगळवारी सकाळी बंगळुरूच्या रहदारीत टॅक्सीत अडकून वाचत असतो. याला शास्त्राधार काय, ते मी विचारलं नाही. बंगळुरूच्या रहदारीवर माझा विश्वास आहे.

दुपारपर्यंत बदाम येऊ लागले. माझ्या बहिणीला आनंद झाला. भाचीला झाला नाही. तिने मला दाखवलं: कुणी बदाम दिला ते २०२४ च्या जूनपासून इतरांना दिसत नाही, पण लिहिणाऱ्याला दिसतं. ती एकेकाचं खातं उघडून बघत होती. डिझायनर, डिझायनर, डिझाइनचा विद्यार्थी, डिझायनर, क्रिप्टो विकणारा, डिझायनर. ‘‘हे सगळे माझे भाऊबंद,’’ ती म्हणाली. ‘‘यांच्याकडून काम येत नाही, मला काम आलं तर यांचंच जातं.’’ संध्याकाळी तिने दुसरा आकडा बघितला, तो बुकमार्कचा. कुणी जपून ठेवलं ते कळत नाही, पण किती जणांनी ते कळतं. बदामांच्या मानाने तो बराच मोठा होता. तेव्हा कुठे तिने चहा घेतला. तिचा आडाखा असा की माणूस स्तुती करायला बदाम देतो आणि उद्या कचेरीत कुणाला तरी दाखवायला बुकमार्क करतो.

खरं काम मात्र थ्रेडच्या खाली झालं. रात्री एका फाउंडरने उत्तर टाकलं. जरा चिडकंच. हा क्रमांक काढला तर वाट्टेल तो येईल, खोटी दुकानं येतील, नुसती नोंदणी वाढून काय उपयोग? भाचीच्या दोन डिझायनर मित्रांनी लगेच त्याला ग्राहकप्रेमावर व्याख्यान दिलं. तिने मला फोन केला नाही, स्वतःच लिहिलं: ‘तुमचं बरोबर आहे. कुठलाही रकाना काढला की नोंदणी वाढतेच, त्याने काही सिद्ध होत नाही. म्हणून नोंदणी मोजू नका. आलेल्यांपैकी किती जणांनी सात दिवसांत पहिलं बिल केलं ते मोजा. निम्म्या लोकांना जुनी वाट द्या, निम्म्यांना नवी. नव्या वाटेने आलेल्या शंभरांपैकी बिल करणारे कमी निघाले, तरी एकूण बिल करणारे जास्त आहेत का ते बघा. नसतील तर क्रमांक पुन्हा तिसऱ्या पडद्यावर लावा.’

हे तीन तुकड्यांत बसवलेलं उत्तर मला तिच्या सगळ्या थ्रेडपेक्षा आवडलं. त्यात कापायला मला एक शब्द सापडला नाही, आणि हे मी फार कमी लोकांविषयी बोललो आहे. शेवटचं वाक्य तर बहारीचं. आपलं मत कुठल्या आकड्याला मोडेल ते ज्याने आधीच सांगून ठेवलंय, त्याच्याशी भांडायचं कसं? त्या फाउंडरने पुढे काही लिहिलं नाही. बदामही दिला नाही.

आता यातून कीर्ती कशी झाली ते विचाराल, तर ती कुठल्या एका दिवशी झाली नाही. आठवड्याला एक थ्रेड, आणि रोज दुसऱ्यांच्या पोस्टखाली दोन-चार कामाच्या ओळी, असा तिचा क्रम होता. माझ्या मते दुसरा भाग पहिल्याहून मोलाचा, कारण एखादा फाउंडर वैतागून विचारतो, ‘लोक किमतीच्या पानावरून का पळतात?’, तेव्हा तो वाचणारा नसतो, गरजू असतो. मधल्या काळात एकदा तिचं एक तिखट वाक्य फार गाजलं, डार्क मोडविषयी काहीतरी. हजारो लोक वाचून गेले, शेकडो तिला फॉलो करू लागले. पुढचे कित्येक आठवडे तिच्या प्रत्येक कामाच्या थ्रेडखाली ही नवी मंडळी येऊन डार्क मोडवर भांडत होती. गिऱ्हाईक एकही नाही. तेव्हापासून एखादं वाक्य फारच झणझणीत झालं की ती स्वतःच त्यावर रेघ मारते.

स्टुलाच्या थ्रेडनंतर काही महिन्यांनी तिला एक खासगी निरोप आला. दवाखान्यांसाठी अ‍ॅप बनवणारी एक बाई. थ्रेडवर तिचा कुठेही बदाम नव्हता, उत्तर नव्हतं. तिने लिहिलं होतं, ‘आमच्या स्वागतकक्षातली मुलगी पेशंटचा पूर्ण पत्ता विचारते आणि मागे रांग लागते. आमचं स्टूल हेच का?’ अर्ध्या तासाचा फोन ठरला. भाचीने त्या अर्ध्या तासात एकही उपाय सांगितला नाही. तिने फक्त विचारलं की त्या पत्त्याचं पुढे काय होतं, तो कोण वाचतं. बाई म्हणाली, बघून सांगते. दुसऱ्या दिवशी कळवलं की कुणीच वाचत नाही. बिलावर छापायला म्हणून कधीकाळी रकाना ठेवला होता, ते बिल दोन वर्षांपूर्वी बदललं. मग दोन आठवड्यांचं काम मिळालं: तीन दवाखान्यांत बसून बघायचं आणि काय विचारायचं, काय नाही, ते लिहून द्यायचं. पैसे चोख, अर्धे आधी. ते संपल्यावर दर महिन्याचं बांधलेलं काम. त्या कामातलं ती आता बाहेर काही लिहू शकत नाही, कारण करारात गुप्ततेचं कलम आहे. त्यामुळे मतांसाठी तिला सतत नवे दुकानदार, नवे रिक्षावाले, नवे शिकवणीवाले शोधावे लागतात. माझ्या घराच्या आसपासच्या लोकांनी तिचा बराच भार उचलला आहे.

माझी बहीण अजून विचारते, लिहिण्याचे पैसे किती मिळतात. भाची म्हणते, शून्य. मग बहीण माझ्याकडे अशी बघते, जणू हा रोग माझ्याच घराण्यातून गेलाय. ते घराणं तिचंही आहे, याकडे ती दुर्लक्ष करते.

मध्यंतरी मी किराणा दुकानदार काकांना सांगितलं की तुमच्या स्टुलाची हकीकत बंगळुरूपर्यंत गेली. भाचीने त्यांची परवानगी तेव्हाच घेतली होती, पण ते कशासाठी हो म्हणाले हे त्यांना बहुधा कळलं नव्हतं. मी फोनवर तो थ्रेड काढून मराठीत वाचून दाखवला. काकांनी चष्मा घालून, वजनकाट्यावर कोपर टेकून सगळा ऐकला. हाराच्या ठिकाणी हसले. मग म्हणाले, ‘‘आमच्या दुकानाचं नाव कुठाय यात?’’

‘‘ती नावं घालत नाही काका. तत्त्व आहे तिचं.’’

‘‘मग आमचा काय फायदा?’’

मी गप्प बसलो. काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘‘पोरीला सांगा, पुढच्या वेळी शेंगदाणे लिहिताना ‘घुंगरू’ लिही म्हणावं. साधे आम्ही ठेवतच नाही.’’

मी तसं कळवलं. तिने उत्तर पाठवलं, सात अक्षरं जास्त होतात, कुठून काढू?